लंडनच्या रेस्टॉरंटमध्ये नवीन लागलात? सर्व्हिस चार्ज आणि टिप्सच्या पैशांचा हिशेब असा समजून घ्या

पुण्या-मुंबईहून शिकायला आलेली मुलं इथे पहिली नोकरी बहुतेक रेस्टॉरंटमध्येच धरतात. कामाची सवय आठवड्याभरात होते. पैशांचं गणित मात्र अनेकांना वर्ष उलटलं तरी उमगत नाही. बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, तो गिऱ्हाईक भरतो, आणि पुढे तो कुठून कुठे जातो हे विचारायला संकोच वाटतो. मी वेटर म्हणून सुरुवात केली आणि पुढे आमच्या रेस्टॉरंटमध्ये हे पैसे वाटणाऱ्या समितीत काम केलं. नव्या मुलांचे तेच तेच प्रश्न ऐकून हे लिहिते आहे.

हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. 2023 चा टिप्स वाटपाचा कायदा इथे 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. नॉर्दर्न आयर्लंडला तो लागू नाही, तेव्हा बेलफास्टला असाल तर पायरी 1 मधले टिप्स पूर्ण पोचवण्याचे नियम आणि पायरी 3 पासूनचे बरेचसे हक्क तुम्हाला लागू होत नाहीत.

आधी हे जवळ ठेवा

- नोकरीची ऑफर किंवा करार, ज्यात तासाचा दर लिहिलेला आहे
- प्रत्येक पेस्लिप (ती मिळणं हा तुमचा हक्क आहे, अगदी ठराविक तासांची हमी नसलेल्या झीरो-अवर करारावर असलात तरी)
- रेस्टॉरंटचं टिप्सबद्दलचं लेखी धोरण
- तुमच्या शिफ्टची स्वतःची नोंद: तारीख, आत आलात ती वेळ, बाहेर पडलात ती वेळ
- रोट्याचे, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचे फोटो, कारण रोटा मागाहून बदलला की जुना सापडत नाही

1. कोणता पैसा कोणाचा, हे ओळखा

गिऱ्हाईक देतो तो जादा पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट बिलावरच छापलेल्या सर्व्हिस चार्जची. लंडनमध्ये तो बहुधा ऐच्छिक असतो, म्हणजे गिऱ्हाईकाने सांगितलं की बिलातून काढावा लागतो. दुसरी वाट कार्ड मशीनवर गिऱ्हाईकाने स्वतः टाकलेल्या टिपची. तिसरी रोख, टेबलावर ठेवलेली किंवा हातात दिलेली.

पहिल्या दोन वाटांचा पैसा आधी मालकाच्या खात्यात पडतो. त्यामुळे तो पूर्णपणे कायद्याच्या कक्षेत येतो. तो सगळाच्या सगळा कामगारांपर्यंत पोचवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि त्यातून कायद्याने लागणाऱ्या करांखेरीज काहीही कापता येत नाही. कार्ड कंपनीची फी, हिशेबनिसाचा खर्च, फुटलेल्या प्लेटा, पैसे न देता पळालेलं टेबल, यातलं काहीही टिप्समधून वसूल करणं चालत नाही.

रोख टिपचं थोडं वेगळं आहे. ती तुम्हीच घेतलीत, खिशात ठेवलीत आणि मालकाचा त्यात काही हात नसेल, तर ती तुमची. पण ‘सगळी रोख डब्यात टाका, रात्री वाटू’ असा नियम मालकाने घातला असेल, तर ती रोखही मालकाच्या नियंत्रणाखाली आली आणि तिलाही तेच नियम लागले. अशा ठिकाणी गिऱ्हाईक ‘सर्व्हिस चार्ज काढा, मी तुम्हाला रोख देतो’ म्हणाला, तर ती रोख डब्यातच टाका. ती खिशात गेली तर सहकाऱ्यांचा वाटा जातो, आणि नोकरी जायला एवढं कारण पुरतं.

2. ऑफर हातात आली की मूळ तासाचा दर शोधा

जाहिरातीत ‘तासाला 15 पौंड’ असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘सर्व्हिस चार्जसह’. इथेच थांबा आणि विचारा: यातला मूळ पगार किती?

टिप्स, सर्व्हिस चार्ज, त्यांच्या वाटणीतून आलेला पैसा, यातलं काहीही किमान वेतनात मोजता येत नाही. 1 ऑक्टोबर 2009 पासून हा नियम आहे. त्याआधी पगारपत्रकातून दिलेल्या टिप्स किमान वेतनात धरायची मुभा होती. लंडनच्या काही वेटर्सनी जुन्या काळच्या अशाच व्यवस्थेविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत लढा नेला होता, पण कार्डाने आणि चेकने दिलेली टिप आधी मालकाची होते असं धरून 2002 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. हे सांगते अशासाठी, की ‘टिप धरून पगार’ हे जुन्या मालकांच्या डोक्यात अजूनही बसलेलं आहे आणि ते निर्धास्तपणे तसं बोलतात.

आता गणित करून पाहा. 21 आणि त्यावरच्या वयासाठी किमान वेतन 1 एप्रिल 2026 पासून तासाला 12.71 पौंड आहे. आधीच्या वर्षी ते 12.21 होतं. 18 ते 20 वयासाठी 10.85. समजा तुम्ही 23 वर्षांच्या आहात, आठवड्याला 20 तास करता आणि ऑफरमधल्या 15 पौंडांत मूळ पगार 11 आणि सर्व्हिस चार्ज 4 असा हिशेब आहे. 20 तासांचे मूळ 220 पौंड होतात. कायद्याने किमान 254.20 हवेत. म्हणजे दर आठवड्याला 34.20 पौंड कमी मिळत आहेत, मग वरून टिप्सचे कितीही आले तरी. हा किमान वेतनाचा भंग आहे आणि त्याची तक्रार थेट सरकारकडे करता येते.

मूळ 12.71 आणि वर 2.29 सर्व्हिस चार्जमधून अशी मांडणी असेल तर ती किमान वेतनात बसते. तरीही विचारून ठेवा, की सर्व्हिस चार्ज जास्त जमला तर जास्त मिळणार ना. 2.29 वर थांबवून उरलेला पैसा मालकाने ठेवला, तर ते बेकायदा आहे.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर एक लक्षात ठेवा: सत्र चालू असताना 20 तासांची मर्यादा तासांवर आहे, पैशांवर नाही. टिप्स जास्त मिळाल्याने मर्यादा ओलांडली जात नाही. आणि पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाचा विचार असेल, तर तिथल्या पगाराच्या अटीत फक्त हमीचा मूळ पगार धरतात. ‘टिप्स धरून तुझा पगार बसतो’ असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

3. लेखी धोरण मागा

जिथे टिप्स नेहमी मिळतात तिथे मालकाने टिप्सचं लेखी धोरण ठेवायलाच हवं आणि ते सर्व कामगारांना पाहता यायला हवं. एजन्सीकडून आलेल्यांनाही. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला साधा ईमेल करा: ‘टिप्सचं धोरण कुठे पाहता येईल?’ तोंडी उत्तरावर थांबू नका.

धोरणात दोन गोष्टी शोधा. रेस्टॉरंट टिप्स घेतं का, सर्व्हिस चार्ज लावतं का. आणि वाटणी कशी होते, कोणत्या कसोट्यांवर. ‘व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार’ एवढंच लिहिलं असेल, तर ते धोरण कागदावर असूनही कामाचं नाही, आणि हे त्यांना विनयाने पण स्पष्ट विचारावं असं माझं मत आहे.

4. वाटणी कशी होते ते एकदा स्वतः करून बघा

कायदा वाटणी ‘न्याय्य’ असावी म्हणतो, पण सूत्र देत नाही. सरकारच्या आचारसंहितेत काय काय पाहता येईल ते सांगितलं आहे: कामाचा प्रकार, मूळ पगार, तास, वैयक्तिक आणि गटाची कामगिरी, जबाबदारी, नोकरीचा काळ, गिऱ्हाईकाचा हेतू. सगळ्यांना सारखंच मिळालं पाहिजे असं नाही. किचनला वाटा द्यावा का, यावर फ्लोअरवरची मंडळी कायम हुज्जत घालतात. माझ्या मते द्यावाच. गिऱ्हाईक पैसे जेवणासाठीही देतो, आणि रात्री बारा वाजता भांडी घासणाऱ्याला कोणी हातात टिप ठेवत नाही.

बहुतेक ठिकाणी पॉइंटची पद्धत असते. प्रत्येक कामाला तासामागे काही पॉइंट, गुणिले तुमचे तास. एका आठवड्याचं उदाहरण घेऊ. ज्या बिलांवर सर्व्हिस चार्ज कायम राहिला त्यांची रक्कम 18,240 पौंड, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे 2,280 पौंड जमले.

- चार वेटर, प्रत्येकी 30 तास, तासाला 1 पॉइंट: 120
- हेड वेटर, 40 तास, 1.25 पॉइंट: 50
- बारवरचा एक, 40 तास, 1 पॉइंट: 40
- किचनमधून टेबलापर्यंत ताटं नेणारे दोन रनर, प्रत्येकी 20 तास, 0.75 पॉइंट: 30
- चार शेफ, प्रत्येकी 40 तास, 0.75 पॉइंट: 120
- किचन पोर्टर, 40 तास, 0.5 पॉइंट: 20

एकूण 380 पॉइंट. 2,280 भागिले 380, म्हणजे एका पॉइंटला 6 पौंड. तुम्ही रनर असाल तर तुमचे 15 पॉइंट, म्हणजे आठवड्याचे 90 पौंड.

आता गडबड कशी दिसते ते याच आकड्यांवर पाहा. मालकाने कार्डाच्या फीचे म्हणून 2 टक्के कापले, तर पॉइंट 5.88 वर येतो आणि तुम्हाला 88.20 मिळतात. एक पौंड ऐंशी पेन्सचा फरक कोणाच्याच डोळ्यांत येत नाही, पण एकूण 45.60 पौंड दर आठवड्याला गायब होतात. ‘प्रशासन खर्च’ म्हणून 10 टक्के काढले, तर तुमचे 81 होतात. दोन्ही आता बेकायदा आहेत.

तिसरा प्रकार जास्त अवघड आहे. यादीत एक मॅनेजर येतो, 40 तास, तासाला 2 पॉइंट. एकूण पॉइंट 460 होतात, एक पॉइंट 4.96 वर, आणि तुमचे 90 चे साधारण 74 होतात. मॅनेजरला वाटा देणं मुळात बेकायदा नाही. तो खरोखर फ्लोअरवर ताटं उचलत असेल, टेबलं सांभाळत असेल, तर त्याचा काही हक्क आहेच. पण त्याचा मूळ पगार सगळ्यांत जास्त आणि पॉइंटही सगळ्यांत जास्त, हे कोणत्या कसोटीवर ठरलं, हा प्रश्न योग्य आहे. तो धोरणात लिहिलेल्या कसोट्यांवर बोट ठेवून विचारा.

अजून एक: दोन शाखा असतील तर एका शाखेत जमलेला पैसा त्याच शाखेच्या कामगारांत वाटला पाहिजे. मंदीतल्या शाखेचा खड्डा तुमच्या शाखेच्या सर्व्हिस चार्जने भरता येत नाही.

5. ट्राँक म्हणजे काय आणि पेस्लिपवर ते वेगळं का दिसतं

वाटणी मालक स्वतः करत असेल किंवा त्यासाठी वेगळी व्यवस्था असेल. त्या वेगळ्या व्यवस्थेला ट्राँक म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला ट्राँकमास्टर. तो हेड वेटर असू शकतो, किंवा बाहेरची हिशेब पाहणारी संस्था.

हा पैसा पगार आहे का, याचं एकच उत्तर नाही, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. किमान वेतनासाठी तो पगार नाही, हे वर आलंच. आयकरासाठी तो उत्पन्न आहे, कसाही मिळाला तरी. नॅशनल इन्शुरन्ससाठी, म्हणजे सरकारी पेन्शन आणि भत्त्यांसाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी मात्र वाटणी कोणी ठरवली यावर सगळं अवलंबून आहे. मालकाने कोणाला किती हे ठरवलं असेल तर पगारासारखाच नॅशनल इन्शुरन्स लागतो. ट्राँकमास्टरने स्वतंत्रपणे ठरवलं असेल आणि मालकाचा त्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात नसेल, तर लागत नाही.

आपल्या 90 पौंडांवर पाहू. आठवड्याचा मूळ पगार 254.20 आहे, नॅशनल इन्शुरन्स 242 पौंडांच्या वरच्या रकमेवर 8 टक्के लागतो, म्हणजे टिप्सचे सगळे 90 त्या रेषेच्या वर येतात. वर्षभर असंच काम केलंत तर आयकराच्या 12,570 च्या सवलतीच्याही वर जाता, तेव्हा 90 वर 20 टक्के म्हणजे 18 पौंड आयकर. स्वतंत्र ट्राँक असेल तर हातात 72 येतात. मालकाने वाटणी केली असेल तर आणखी 7.20 जाऊन 64.80. मालकालाही त्याच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो, पण तो त्याने तुमच्या टिप्समधून काढायचा नाही.

नॅशनल इन्शुरन्स वाचतो याला दुसरी बाजूही आहे. मातृत्व रजेच्या वैधानिक वेतनासाठी सरासरी कमाई काढतात, तेव्हा नॅशनल इन्शुरन्स न लागलेला ट्राँकचा पैसा त्यात धरत नाहीत. इथे काही वर्षं राहून संसार मांडायचा विचार असेल त्यांनी मूळ पगाराकडे जास्त लक्ष द्यावं.

ट्राँकची पेस्लिप कधी कधी वेगळी येते आणि तिच्यावर ‘BR’ असा टॅक्स कोड असतो. म्हणजे करमुक्त सवलत पगाराच्या पेस्लिपवर वापरली गेली आणि इथे पहिल्या पौंडापासून 20 टक्के कापले. वर्षातले थोडेच महिने काम केलं असेल, तर जास्त कापलेला कर एचएमआरसी या इथल्या कर खात्याकडून परत मिळतो. रोख टिप थेट खिशात आली असेल तर तिच्यावरही आयकर लागतो आणि ती तुम्हीच एचएमआरसीला कळवायची असते.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयात गेला होता. कार्डावरच्या टिप्स मालकाने वाटल्या तरी तो पगार नाही, त्यामुळे मालकाने त्यावर पगारासारखा टीडीएस कापायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं. पण भारतात अलीकडचा वाद मुख्यतः गिऱ्हाईकाच्या बाजूने चालला: सर्व्हिस चार्ज सक्तीने लावायचा नाही, ही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरली. जमलेला पैसा वेटरपर्यंत पोचतो का, यावर तिकडे इतक्या नेमकेपणाने कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

6. दर महिन्याला ताळा घ्या

टिप ज्या महिन्यात गिऱ्हाईकाने दिली, त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ती तुम्हाला मिळायला हवी. ऑक्टोबरची 30 नोव्हेंबरपर्यंत. पेस्लिप आली की तुमच्या नोंदीतले तास आणि तिच्यावरचे तास जुळवा, कारण पॉइंट तासांवरून निघतात आणि चूक बहुधा तिथेच असते. डिसेंबरात रेस्टॉरंट रोज भरलेलं असूनही जानेवारीच्या पेस्लिपवर ट्राँक नोव्हेंबरएवढाच दिसला, तर चौकशी करायला हवी.

7. आकडे मागा, मग तक्रार

मालकाने टिप्सची नोंद तीन वर्षं ठेवायची असते. तुम्ही लेखी मागितलीत तर ज्या महिन्यांची मागितली त्यांत तुमच्या शाखेत एकूण किती टिप्स जमल्या आणि तुमच्या वाट्याला किती आल्या, हे त्याने चार आठवड्यांत द्यायचं असतं. तीन महिन्यांत एकदाच मागता येतं, तेव्हा एकाच आठवड्यासाठी मागून संधी वाया घालवू नका. शंका असलेले सगळे महिने एकदम लिहा. ईमेल असा पुरेसा आहे: ‘मी अमुक शाखेत काम करते. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात या शाखेत मिळालेल्या एकूण टिप्स आणि सर्व्हिस चार्जची रक्कम, आणि मला वाटून दिलेली रक्कम, कृपया कळवावी.’ इतरांना काय मिळालं हे मात्र यातून मिळत नाही.

उत्तर पटलं नाही तर आधी लेखी तक्रार मालकाकडे. मग अकास, म्हणजे मालक-कामगार तंटे सोडवणारी सरकारी संस्था. तिचा सल्ला फुकट आहे, फोन 0300 123 1100. लवादाकडे, म्हणजे नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे जाण्याआधी अकासला कळवावंच लागतं, समेटाचा प्रयत्न करायचा की नाही हे मात्र तुमच्यावर आहे. टिप्स दिल्या नाहीत किंवा अन्यायाने वाटल्या, यासाठी लवादाकडे जायची मुदत 12 महिने आहे. धोरण नाही किंवा नोंदी दिल्या नाहीत, यासाठी फक्त 3 महिने. लोक या दोन मुदती एकच समजतात आणि दुसरी चुकवतात. नुकसान झालं असेल तर लवाद 5,000 पौंडांपर्यंत भरपाई देववू शकतो, शिवाय वाटणी पुन्हा करायलाही सांगू शकतो.

तक्रार करणं म्हणजे व्हिसा धोक्यात घालणं, असं अनेकांना वाटतं. नियमात बसणाऱ्या तासांत काम करत असाल तर हा पैसा मागण्याचा तुमचा हक्क इथे जन्मलेल्या वेटरइतकाच आहे.

8. नोकरी सोडताना

शेवटच्या शिफ्टपर्यंतच्या टिप्स तुमच्याच आहेत, आणि त्या शेवटच्या पगारानंतरही येऊ शकतात. ऑगस्टमध्ये नोकरी सोडून भारतात परतणार असाल, तर ऑगस्टचा ट्राँक सप्टेंबरअखेरपर्यंत येईल, म्हणून इथलं बँक खातं तोवर बंद करू नका. पी45, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला घ्या, मॅनेजर आणि ट्राँकमास्टर दोघांनाही चालू ईमेल द्या, आणि पेस्लिपचं ॲप कामाच्या ईमेलशी जोडलेलं असेल तर त्या खात्याचा प्रवेश बंद व्हायच्या आत सगळ्या पेस्लिप उतरवून घ्या.